एरर गेली, पण एप्रिल मार्चमध्ये शिरला: एका मूक सदस्याचं प्रकरण

ती डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. ऑफिसात हे काम करणारी एकटीच, त्यामुळे अडलं तर शेजारी विचारायला कोणी नाही. म्हणून तिने डेटाचं काम करणाऱ्यांच्या एका मोठ्या स्लॅक कम्युनिटीत प्रवेश घेतला, आणि रोजच्या वापरातल्या एका टूलच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवरही. दोन्हीकडे कित्येक महिने नुसतं वाचन चाललं होतं. त्या स्लॅकवरचा मदतीचा चॅनल सांभाळणाऱ्यांपैकी मी एक. ज्या थ्रेडमध्ये तिचं नाव मला पहिल्यांदा दिसलं, त्याचं हे प्रकरण. पुढे तिच्याशी निवांत बोलणं झालं. तिच्या संमतीने, पण नाव गाळून लिहितो आहे.

मूक राहण्यामागे आळस नव्हता, हे आधी सांगायला हवं. ती जवळजवळ रोज यायची. डावीकडे ठळक अक्षरांत न वाचलेल्या चॅनलांची रांग दिसायची, ती वरून खाली उघडत जायची, आणि कामाची वेळ झाली की सगळं ‘वाचलेलं’ करून बाहेर पडायची. या पद्धतीत बोलायला जागाच राहत नाही. एखादा प्रश्न नजरेला पडून त्यावर विचार होईपर्यंत तीन जणांनी उत्तर दिलेलं असतं, आणि तोवर आपण पुढच्या चॅनलवर गेलेलो असतो. वीस चॅनल वरवर पाहणाऱ्याला एकाही चॅनलमधली माणसं ओळखीची होत नाहीत. आणि अनोळखी घोळक्यात तोंड उघडणं कुणालाही जडच जातं.

तिने मधल्या काळात दोनदा प्रयत्न केले होते, आणि दोन्ही वाया गेले. पहिला म्हणजे `#introductions` वरची ओळख: नाव, हुद्दा, ‘इथे येऊन आनंद झाला’. त्यावर हात हलवणारे चार-पाच इमोजी आले आणि विषय संपला. यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मोठ्या कम्युनिटीत तो चॅनल मुख्यतः नवे सदस्यच वाचतात, आणि तेही आपला मेसेज टाकेपर्यंतच. तिथे काही घडायचं असेल तर मेसेजमध्ये दुसऱ्याला धरता येईल असं काहीतरी लागतं. ‘विक्रीच्या सीएसव्ही फाइली रोज पायथनने साफ करते, तारखांचे घोळ निस्तरण्यात बराच वेळ जातो’ एवढं एक वाक्य असतं, तरी तसाच घोळ निस्तरणारा एखादा थांबला असता.

दुसरा प्रयत्न मदतीच्या चॅनलवरचा. पांडास म्हणजे डेटा हाताळायची पायथनमधली लायब्ररी, तिच्याबद्दलचा तो मेसेज असा होता:

‘नमस्कार, पांडासमध्ये तारखांबद्दल कोणाला चांगली माहिती आहे का? थोडी अडचण आहे.’

कोणी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तिने मेसेज पुसून टाकला, आणि आपल्याला इथे कोणी विचारत नाही अशी समजूत करून घेतली. खरं तर हा मेसेज बऱ्याच जणांनी वाचला असणार. पण ‘हो, मला माहिती आहे’ असं म्हणणाऱ्याने न पाहिलेल्या प्रश्नाची जबाबदारी अंगावर घ्यायची असते, आणि तशी ती कोणी घेत नाही. ज्याला उत्तर ठाऊक असतं तोसुद्धा, कारण त्याला ठाऊक आहे ते नेमकं याच प्रश्नाचं उत्तर आहे की नाही, हे त्याला कळत नाही. प्रश्न विचारू का, असं न विचारता प्रश्नच विचारावा, हा चॅट कम्युनिट्यांतला जुना संकेत याच कारणाने पडला आहे.

यानंतरचा बदल तिने केला तो बोलण्यात नाही, वाचण्यात. स्लॅकवर मदतीचा एक पायथनचा चॅनल ठेवून बाकी सगळे म्यूट केले. घोषणा आणि नोकऱ्यांचे चॅनलही, कारण तिथे बोलायचं नसतंच, आठवड्यातून एकदा चाळले की पुरे. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये स्लॅक स्वतःचे शब्द नोंदवू देतं. ते शब्द मेसेजमध्ये आले की सूचना येते. तिने तिथे तारखा ओळखणारं `to_datetime` आणि सीएसव्ही फाइल वाचणारं `read_csv` ही पांडासमधल्या फंक्शनांची दोनच नावं घातली. आधी ‘pandas’ घातला होता, पण त्याने दिवसभर घंटा वाजत राहिली, म्हणून काढला. शब्द जितका अरुंद, तितका वाजल्यावर तो आपल्या कामाचा असण्याची शक्यता जास्त. डिस्कॉर्डवर अशी शब्दांची सोय नाही. तिथे तिने पूर्ण सर्व्हरला फक्त आपला उल्लेख झाला तरच सूचना असं लावलं, `@everyone` आणि `@here` दाबून टाकले, आणि मदतीच्या फोरम चॅनलमधल्या कामाच्या तेवढ्या पोस्टी फॉलो केल्या.

मग एके दिवशी `to_datetime` वाजला.

कोणीतरी विचारलं होतं की पांडास नव्या आवृत्तीवर नेल्यापासून तारखांचा कॉलम वाचताना स्क्रिप्ट पडते. सोबत एररची ओळ होती: `time data "13/04/2024" doesn't match format "%m/%d/%Y"`. चॅनलवरच्या एका जाणत्या आणि सगळ्यांना माहीत असलेल्या सदस्याने पाच-सात मिनिटांत उत्तर दिलं: `format="mixed"` द्या. विचारणाऱ्याने करून पाहिलं, ‘चाललं, धन्यवाद’ लिहिलं, कोणीतरी हिरवी बरोबरची खूण लावली आणि थ्रेड मिटला.

थोडी पार्श्वभूमी लागेल. ‘०३/०४/२०२४’ ही ३ एप्रिलही असू शकते आणि ४ मार्चही. वेगळं काही सांगितलं नाही तर पांडास आधी महिना धरतं. एररमधलं `%m/%d/%Y` म्हणजे हाच महिना-दिवस-वर्ष क्रम. २०२३ साली आलेल्या २.० आवृत्तीच्या आधी ते प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे ओळखायचा प्रयत्न करायचं. म्हणजे ‘०३/०४’ला ४ मार्च म्हणायचं, आणि ‘१३/०४’ला तेरावा महिना नसतो म्हणून तिथे गुपचूप उलटून १३ एप्रिल म्हणायचं. फार तर एक इशारा छापला जायचा, काम थांबायचं नाही. २.० पासून पहिल्या ओळीवरून ठरलेलं रूप सगळ्या कॉलमला लागू होतं आणि न बसणारी ओळ आली की एरर येते. थोडक्यात, ही एरर अडथळा वाटत असली तरी ती डेटातला जुना घोळ उघडा पाडत असते. `format="mixed"` म्हटलं की पुन्हा प्रत्येक ओळ सुटी वाचली जाते. एरर जाते आणि घोळ परत येतो.

हे सगळं तिला तेव्हा माहीत नव्हतं. तिच्याकडे फक्त तशीच फाइल होती. तिने तो उपाय आपल्या फाइलवर लावला आणि रोजच्या विक्रीचा आलेख काढला. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढचे दिवस व्यवस्थित दिसत होते, पण १ ते १२ तारखांची विक्री वर्षभर विखुरलेली होती. ३ एप्रिलची मार्चमध्ये, ५ एप्रिलची मेमध्ये. तारखांत दिवस-महिना उलटला आहे हे ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही: बारा तारखेपर्यंत विस्कळीत, तेरापासून सुरळीत.

इथे ती जवळपास दीड तास अडून बसली, असं तिनेच सांगितलं. अडचण तांत्रिक नव्हती. ज्याचं उत्तर सगळ्यांनी मान्य केलंय, त्याला आपण, ज्यांचा या चॅनलवर पुसून टाकलेल्या एका मेसेजपलीकडे एक शब्द नाही, खोडायचं कसं? शिवाय आपलंच काही चुकलं असेल तर? हा पेच तिने ज्या तऱ्हेने सोडवला त्यासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं. उत्तर बरोबर की चूक यावर मत द्यायचंच नाही, जे केलं आणि जे दिसलं तेवढंच सांगायचं, असं तिने ठरवलं. मत चुकू शकतं. आपल्या स्क्रीनवर काय दिसलं, हे दुसरा कोणी कसं चुकीचं ठरवणार?

ऑफिसची फाइल बाहेर टाकायची नव्हतीच. तिने दोन ओळींचा बनावट नमुना केला आणि त्यावर तेच घडतं का ते आधी स्वतः पाहिलं:

```python
import pandas as pd
s = pd.Series(["03/04/2024", "13/04/2024"])
print(pd.to_datetime(s, format="mixed"))
print(pd.to_datetime(s, format="%d/%m/%Y"))
```

आणि त्याच थ्रेडमध्ये लिहिलं:

‘माझ्याकडेही अशीच फाइल आहे, म्हणून २.२ वर करून पाहिलं. `format="mixed"` ने एरर गेली, पण पहिली ओळ ४ मार्च आली आणि दुसरी १३ एप्रिल. माझ्या फाइलमध्ये दिवस आधी आहे, त्यामुळे मला दोन्ही एप्रिलमध्ये हव्या होत्या. `format="%d/%m/%Y"` दिल्यावर तशा आल्या. वरचा नमुना कोणालाही चालवून पाहता येईल. तुमच्या फाइलमध्ये दिवस आधी असेल, तर १ ते १२ तारखांच्या ओळी एकदा तपासाल का?’

मी हा मेसेज नव्या लोकांना अनेकदा दाखवला आहे. यात आवृत्ती आहे, चालवून पाहता येणारा नमुना आहे, काय हवं होतं आणि काय आलं हे दोन्ही आहे. शेवटचा प्रश्न मूळ विचारणाऱ्याला उद्देशून आहे, उत्तर देणाऱ्याला नाही. त्यामुळे तो जाणता सदस्य कोपऱ्यात सापडला नाही. आणि ‘मी नवीन आहे, चूकभूल माफ करा’ छापाची सुरुवात नाही. त्या सुरुवातीने होतं काय, की वाचणारा आधी लिहिणाऱ्याची समजूत घालायला लागतो आणि मुद्दा मागे पडतो.

आणखी एक बारीक गोष्ट तिने केली. स्लॅकमध्ये थ्रेडला उत्तर देताना खाली एक चौकट असते, `Also send to` आणि पुढे चॅनलचं नाव. तिच्यात खूण केली की उत्तर थ्रेडसोबत मुख्य चॅनलवरही दिसतं. एरवी या चौकटीत खूण करू नये, कारण प्रत्येक उत्तर बाहेर आलं तर थ्रेडला अर्थच उरत नाही. पण इथे थ्रेड सुटला म्हणून मिटलेला होता, आणि तो उपाय उचलून आपल्या कामात लावणारे वाचक आता परत येणार नव्हते. अशा दुरुस्तीसाठीच ती चौकट आहे.

अर्ध्या तासात त्या जाणत्या सदस्याचं उत्तर आलं. एकाच कॉलममध्ये खरोखरच वेगवेगळ्या रूपांतल्या तारखा असतील असं तो धरून चालला होता, `mixed` त्यासाठी आहे, आणि तिथेही दिवस आधी असेल तर `dayfirst=True` सोबत द्यायला हवं, असं त्याने लिहिलं. मूळ विचारणाऱ्याचा निरोप दुसऱ्या दिवशी आला: त्याचा अहवाल वरिष्ठांकडे गेला होता, तो त्याने परत मागवला.

बहुतेक जण इथे खूश होऊन थांबतात. ती पुढच्या दिवशी परत आली आणि थ्रेडच्या शेवटी चार ओळींचा गोषवारा टाकला: एरर कधी येते, का येते, तारखा एकाच रूपातल्या असतील तर काय द्यावं, मिश्र असतील तर काय, आणि कोणत्या आवृत्तीवर तपासलं. मला विचाराल तर तिची खरी ओळख या चार ओळींनी झाली. चॅटमधले प्रश्न सहसा ‘धन्यवाद’वर संपतात, आणि नंतर शोधून येणाऱ्याला तीस मेसेजांतून नेमकं काय चाललं ते उकरून काढावं लागतं. गोषवारा लिहायला फार ज्ञान लागत नाही, दुसऱ्यांनी सांगितलेलं नीट मांडता आलं की झालं. मूक सदस्य हे काम इतरांपेक्षा चांगलं करू शकतो, कारण त्याने सगळं वाचलेलं असतं.

आता तो भाग, जो स्लॅकवर वावरणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अशा कम्युनिट्या बहुधा स्लॅकच्या मोफत योजनेवर चालतात, कारण हजारो सदस्यांचे माणशी पैसे कोणी भरणार नाही. त्या योजनेत सप्टेंबर २०२२ पासून फक्त शेवटच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात. त्याआधी मर्यादा दहा हजार मेसेजांची होती. २०२४ पासून तर एक वर्षापेक्षा जुना मजकूर नुसता लपत नाही, कायमचा पुसला जातो. म्हणजे अशा जागेला तीन महिन्यांपलीकडचं काही आठवत नाही. तेच प्रश्न पुन्हा येतात, आणि ‘आधी शोधून बघा’ असं कोणाला सुनावण्यात अर्थ नसतो, कारण शोधून सापडायला मागे काही उरलेलंच नसतं.

तिने तो गोषवारा आपल्या नोंदवहीतही उतरवून ठेवला होता. साडेतीन-चार महिन्यांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला तेव्हा थ्रेड दिसेनासा झाला होता, पण तिच्याकडे मजकूर होता. तिने जुना मजकूर तसाच डकवला नाही. नमुना नव्या आवृत्तीवर पुन्हा चालवला, तारीख आणि आवृत्ती बदलली, मग टाकला. जुनी उत्तरं न तपासता चिकटवणारे सदस्य मी पाहिले आहेत. काही महिन्यांत त्यांच्या उत्तरांखाली ‘हे आता असं नाही’ असे मेसेज येऊ लागतात.

डिस्कॉर्डवर तिचा अनुभव निराळा होता. तिथे मेसेज ९० दिवसांनी लपत नाहीत, पण मुख्य गप्पांचा चॅनल इतका वेगाने वाहतो की दहा मिनिटांपूर्वीचा प्रश्नही वर निघून गेलेला असतो. तिथे बोलायचं तर फोरम चॅनलमध्ये. २०२२ मध्ये आलेल्या या प्रकारात प्रत्येक प्रश्नाची वेगळी पोस्ट असते, तिला शीर्षक असतं, टॅग लावता येतात. तिच्या पहिल्या पोस्टचं शीर्षक ‘मदत हवी’ होतं आणि ती तशीच पडून राहिली. तीच पोस्ट तिने शीर्षक बदलून, टूलची आवृत्ती आणि एररचे पहिले काही शब्द घालून पुन्हा टाकली, तेव्हा उत्तर आलं. यादीत लोकांना फक्त शीर्षक दिसतं, त्यामुळे नुसत्या ‘मदत हवी’वर कोणी बोट ठेवत नाही. उत्तर मिळाल्यावर ‘सुटलं’चा टॅग लावणं हेही पोस्ट टाकणाऱ्याचंच काम. तो न लावणाऱ्यांच्या पोस्टींवर मदत करणारे उगाच पुन्हा पुन्हा येऊन जातात.

एकच प्रश्न दोन्हीकडे टाकायचा मोह तिलाही झाला. टाकायला हरकत नाही, पण दोन्हीकडे तसं सांगावं, आणि एकीकडे सुटला की दुसरीकडे कळवावं. नाहीतर कोणीतरी अर्धा तास घालवून सुटलेलं कोडं सोडवत बसतो, आणि पुढच्या वेळी आपलं नाव दिसलं की पुढे सरकतो.

बोलायला लागल्यावर एक नवी पंचाईत सुरू झाली: खासगी मेसेज. ‘ताई, तुम्ही तारखांचं छान सांगितलंत, माझी फाइल बघाल का?’ सुरुवातीला तिने दोघा-तिघांना उत्तरं दिली. मग लक्षात आलं की संध्याकाळचा वेळ यातच जातोय, आणि ती चुकली तर सांगायला तिथे तिसरं कोणी नाही. आता ती एकच ओळ लिहिते: ‘चॅनलवर टाका, मला तिथे उल्लेखून कळवा, मी तिथेच बघते.’ कोणी म्हणालं की फाइल गोपनीय आहे, तर दोन ओळींचा बनावट नमुना कसा करायचा ते सांगते. स्क्रीनशॉट मात्र ती घेत नाही आणि देत नाही. स्क्रीनशॉटमधला कोड उतरवून घ्यावा लागतो, आणि कडेला ग्राहकांची नावं राहून जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. अशी नावं दिसलेला एक स्क्रीनशॉट आम्हाला चॅनलवरून काढावा लागला आहे. काढेपर्यंत तो कोणी कोणी पाहिला, ते कळायला मार्ग नसतो.

या सगळ्याला मर्यादा आहेतच. तिने सोडलेला तिसरा एक सर्व्हर होता, ज्याचा उल्लेख मी वर केला नाही. एका विक्रेत्याने चालवलेला. तिथे तिने मदतीच्या चॅनलवरचे शेवटचे दहा-पंधरा प्रश्न उघडून पाहिले. उत्तर मिळालेल्यांपैकी जवळजवळ सगळी उत्तरं कंपनीच्या कर्मचाऱ्यांची होती, सदस्यांचं एखाद-दुसरंच. अशा ठिकाणी सदस्याने कितीही नीट लिहिलं तरी तो ग्राहकच राहतो. त्यात वाईट काही नाही, पण तिथे कम्युनिटी शोधू नये. मी स्वतः नव्या ठिकाणी गेलो की पहिल्यांदा हेच पाहतो, सदस्यसंख्या बघतही नाही.

आणि सगळं करूनही काही मेसेज कोरडे जातात. तिच्या नीट मांडलेल्या प्रश्नांपैकी काहींना आजही उत्तर येत नाही. तेव्हा ती एक दिवस थांबते, मग त्याच थ्रेडमध्ये दरम्यान काय करून पाहिलं ते जोडते आणि तेवढीच भर त्या चौकटीत खूण करून चॅनलवर पाठवते. नुसतं ‘कोणी आहे का?’ लिहून प्रश्न वर आणत नाही. दुसऱ्यांदाही काही आलं नाही, तर प्रश्न या चॅनलचा नाही असं समजून टूलच्या अधिकृत इश्यू-ट्रॅकरवर जाते, आणि तिथला दुवा थ्रेडमध्ये ठेवते.

अलीकडे आम्ही तिला चॅनल सांभाळायला याल का असं विचारलं. तिने नाही म्हटलं. आठवड्याला दोनेक तासांपेक्षा जास्त वेळ या सगळ्याला द्यायचा नाही असं तिचं ठरलेलं आहे, आणि मॉडरेटरचं काम त्यात बसत नाही. त्याऐवजी दर महिन्याला त्या चॅनलवरचे नीट सुटलेले थ्रेड ९० दिवसांच्या आत बाहेरच्या एका सामायिक दस्तऐवजात उतरवायचं काम तिने मागून घेतलं. त्यातली पहिली नोंद तारखांची आहे. तिच्या खाली, आवृत्ती बदलल्यावर कोणीतरी तपासून घातलेली, तिच्याशिवाय दुसऱ्याच सदस्याची दुरुस्ती आहे.